‘माझं मेटाबॉलिझमच स्लो आहे’: जळगावातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

सुनंदाताई (नाव आणि काही तपशील बदलले आहेत, त्यांच्या परवानगीनेच लिहिते आहे) ४३ वर्षांच्या. सासर पारोळा तालुक्यातल्या एका गावात, घरची शेती. ३८ व्या वर्षापर्यंत त्यांचा दिवस गावातल्या इतर बायकांसारखाच जायचा: पहाटे पाणी भरायचं, गोठा झाडायचा, स्वयंपाक उरकून भाकरी बांधून शेतात जायचं, हंगामाप्रमाणे निंदणी नाहीतर कापूस वेचणी आणि संध्याकाळी चालत परत. मुलाची अकरावी आली तेव्हा घर जळगावला हललं. यजमान शेतीसाठी जाऊन-येऊन राहिले. ताईंना एका पतसंस्थेत काउंटरवर नोकरी मिळाली. घरी नळ आला, दारात घंटागाडी आली, इमारतीला लिफ्ट होती आणि ऑफिसला जायला स्कूटी.

गाव सोडण्याच्या सुमारास विम्यासाठी तपासणी झाली होती, त्या कागदावर वजन होतं ६१ किलो. पाच वर्षांनी वजनाची तक्रार घेऊन माझ्याकडे आल्या तेव्हा ते ७५ होतं. उंची १५४ सेंटिमीटर, कंबर ९२. भारतीय बायकांमध्ये कंबर ८० च्या वर गेली की धोका धरतात. गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारं एचबीए१सी ५.९, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. पाळी नियमित होती आणि वजन वाढवणारं कुठलंही औषध चालू नव्हतं. स्टिरॉइड, इन्सुलिन, मानसिक आजारांवरच्या काही गोळ्या यांनी वजन वाढतं, म्हणून ते आधी विचारावंच लागतं.

तक्रार

बसल्या बसल्या त्या म्हणाल्या, “मॅडम, मी काहीच खात नही, तरी वजन वाढस. मनं मेटाबॉलिझम स्लो शे.” पर्समधून एक छापील कागद काढून पुढे ठेवला. एका जिममधल्या मशीनवर उभं राहून मिळालेला. त्यावर ‘बीएमआर ११९०’, म्हणजे स्वस्थ पडून असताना शरीर दिवसाला जाळतं त्या कॅलरी, आणि त्याखाली मोठ्या अक्षरांत ‘मेटाबॉलिक वय ५७’. तो कागद हातात आल्यावर त्यांनी तिथेच ‘मेटाबॉलिझम वाढवणारी’ पावडर घेतली होती आणि दुसरा डबा संपत आला होता.

त्या कागदाबद्दल आधी बोलणं भाग होतं, कारण सगळा समज त्यावर उभा होता. असं मशीन पायांतून सौम्य वीज सोडून अंगात पाणी किती, चरबी किती याचा अंदाज करतं आणि तो अंदाज, वजन, उंची व वय एका सूत्रात घालून आकडा छापतं. शरीर किती ऊर्जा जाळतंय हे ते मोजतच नाही. खरं मोजायचं तर माणसाला उपाशीपोटी, शांत झोपवून श्वासातला ऑक्सिजन किती घेतला आणि कार्बन डायऑक्साइड किती सोडला हे तपासतात. ‘मेटाबॉलिक वय’ हे वैद्यकशास्त्रातलं ठरलेलं माप नाही. मशीन बनवणाऱ्याने धरलेल्या सरासरीशी केलेली ती तुलना असते.

मग मी कागदावर याच खर्चाचा अंदाज देणारं साधं सूत्र मांडलं, मिफ्लिन यांचं १९९० चं. बाईसाठी ते असं: वजनाची १० पट, अधिक उंचीची ६.२५ पट, वजा वयाची ५ पट, वजा १६१. गावातल्या सुनंदाताईंचा आकडा आला साधारण १,२२०. आजच्या सुनंदाताईंचा आला साधारण १,३३५. हे सूत्र अमेरिकेतल्या लोकांवरून बनलेलं आहे आणि आपल्याकडे ते थोडा जास्त आकडा दाखवतं, पण दोन्ही वेळा ते सारखंच जास्त दाखवणार. स्वस्थ पडून असताना त्यांचं शरीर पूर्वीपेक्षा कमी नाही, शंभराहून अधिक कॅलरी जास्त जाळत होतं. शरीर मोठं झालं की पोसायलाही जास्त लागतं. वजन वाढलेल्या माणसाचं मेटाबॉलिझम ‘मंद’ असतं, या समजाला पहिला धक्का इथेच बसतो.

वयाचाही मुद्दा त्यांनी काढला: चाळिशीनंतर सगळ्यांचंच स्लो होतं ना? २०२१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात सहा हजारांहून जास्त लोकांची मोजमापं प्रसिद्ध झाली, आठ दिवसांच्या बाळापासून ९५ वर्षांपर्यंतच्या. शरीराचा आकार आणि स्नायू-चरबीचं प्रमाण लक्षात घेतल्यावर विसाव्या वर्षापासून साठीपर्यंत ऊर्जेचा खर्च जवळपास स्थिर राहतो, असं त्यात दिसलं. तो घसरतो साठीनंतर, तोही हळूहळू.

पहिला निर्णय: थायरॉइडची गोळी सुरू करायची का?

ताईंकडे आणखी एक रिपोर्ट होता. थायरॉइड कमी काम करू लागली की वाढणारं टीएसएच हे संप्रेरक ६.१, म्हणजे मर्यादेच्या थोडं वर. शेजारणीला गोळी चालू होती, त्यामुळे यांनाही हवी होती. मी त्यांना फिजिशियनकडे पाठवलं. थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक फ्री टी-४ नॉर्मल आलं, अँटिबॉडी निगेटिव्ह आल्या. थंडी सोसेनाशी होणं, बद्धकोष्ठ, आवाज जड होणं, कातडी कोरडी पडणं यातलं काहीच नव्हतं. डॉक्टरांनी गोळी न देता आठ आठवड्यांनी पुन्हा तपासायला सांगितलं. तेव्हा टीएसएच ४.९ आलं आणि गोळी द्यायची नाही असं ठरलं.

थायरॉइड खरोखर कमी काम करत असेल तर शरीराचा खर्च घटतो, यात शंका नाही. पण त्याने वाढणारं वजन बहुतेकांत दोन ते साडेचार किलोच्या आसपास असतं आणि त्यात मीठ-पाण्याचा वाटा मोठा असतो. म्हणजे उघड थायरॉइड निघालं असतं तरी १४ किलोंचा हिशेब त्यातून लागला नसता. आणि गरज नसताना ‘वजनासाठी’ घेतलेली गोळी हृदयाची लय आणि हाडं दोन्ही बिघडवू शकते.

वजन कधी वाढलं?

हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. मी विचारला, कारण उत्तर त्यातच असतं. ताईंनी आठवून, फोटो बघून, ब्लाउज कधी उसवून सैल करावे लागले ते सांगून चित्र उभं केलं. जळगावला आल्यावर पहिल्या वर्षात पाच-सहा किलो, दुसऱ्या वर्षात तीन-चार, मग हळूहळू. शेवटच्या वर्षभरात तर वजन जेमतेम हललं होतं. वाटत मात्र राहिलं की ते ‘वाढतंच आहे’.

हा आकार फार बोलका आहे. आम्ही दोघींनी बसून मांडलेला अंदाज असा. गावात दिवसभराच्या हालचालीसकट त्या रोज सुमारे २,१०० कॅलरी वापरत होत्या आणि तेवढंच खात होत्या, म्हणून वजन स्थिर होतं. काउंटरवर बसायला लागल्यावर त्याच ६१ किलोच्या शरीराला सुमारे १,७०० पुरेशा होत्या. खर्च एकदम ४०० ने खाली आला. त्यांनी खाणं कमी केलंही होतं, तीन भाकऱ्यांच्या दोन पोळ्या झाल्या होत्या, शेतातली दुपारची न्याहारी बंद झाली होती. पण कपात झाली ती अडीचशेची. रोज दीडशे उरत राहिल्या आणि साठत गेल्या. वजन वाढेल तसा मोठ्या शरीराचा खर्चही वाढला, आणि ७५ किलोला तो १,८५० च्या आसपास पोचून खाण्याशी जुळला. तिथे वाढ थांबली.

म्हणून ‘मी पूर्वीपेक्षा कमी खाते’ हे ताईंचं म्हणणं खरंच होतं. माझ्याकडे येणाऱ्या अनेक बायकांना घरचे आणि डॉक्टर दोघेही खोटारडं ठरवतात, ते मला फार लागतं. कमी खाणं आणि पुरेसं कमी खाणं यातला फरक कुठल्याही बाईला ताटाकडे बघून कळत नाही. त्यांचा खर्च कोसळला होता हेही खरं, पण तो मेटाबॉलिझममुळे नव्हे. नुसतं जिवंत राहण्यासाठी जो खर्च होतो, त्यात फेरफाराला जागा थोडी. एकाच बांध्याच्या दोघींमध्ये तो दिवसाला शंभर-दोनशे कॅलरींनी वेगळा असू शकतो. मोठा चढ-उतार होतो उठण्या-बसण्यात, चालण्यात, वाकण्यात, ओझं उचलण्यात. बैठ्या कामाची आणि कष्टाच्या कामाची अशा सारख्याच वजनाच्या दोन माणसांत या हालचालीपोटी शेकडो कॅलरींचा फरक पडतो. ताईंच्या बाबतीत एकाच बाईत, एकाच स्थलांतराने तो पडला होता.

डायरी आणि तेलाचा कॅन

आता राहिला १,८५० चा आकडा. ताईंनी आठवडाभर लिहून आणलेल्या डायरीचा हिशेब जेमतेम १,१०० भरत होता. वजन तर स्थिर. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही.

न्यूयॉर्कमध्ये १९९२ साली अशाच लोकांचा अभ्यास झाला होता, ज्यांना वाटायचं की १,२०० कॅलरींच्या आतही आपलं वजन उतरत नाही. मोजल्यावर त्यांचं मेटाबॉलिझम नॉर्मल निघालं. त्यांनी सांगितलेलं खाणं प्रत्यक्षापेक्षा सरासरी ४७ टक्के कमी होतं. त्यांनी मुद्दाम लपवलं नव्हतं. माणसाला आपलं खाणं असंच आठवतं.

डायरी पुन्हा लिहायला सांगण्यात अर्थ नव्हता, कारण खान्देशी स्वयंपाकात जे मोजायला हवं ते ताटात दिसत नाही. ते भाजीच्या आत असतं. म्हणून मी सांगितलं, घरातला शेंगदाणा तेलाचा कॅन आज वजनकाट्यावर ठेवा आणि पंधरा दिवसांनी परत ठेवा. खाणारी माणसं पाच. पंधरा दिवसांत तेल संपलं तीन किलो. दिवसाला २०० ग्रॅम, माणशी ४० ग्रॅम, आणि ग्रॅमला ९ कॅलरींप्रमाणे ३६०. डायरीत ताईंनी ‘भाजीत एक चमचा तेल’ लिहिलं होतं, त्याच्या होतात पंचेचाळीस. तीनशेचा फरक एका ओळीत सापडला. कढईत थोडं तेल उरतं हे मान्य, पण शेवभाजीची तर्री आमच्याकडे पोळीने पुसून खाल्ली जाते.

बाकीचं मग आपोआप निघालं. डायरीत चहा दोन, प्रत्यक्षात चार, कारण पतसंस्थेत कुणी ठेवीदार आला की चहा येतोच. म्हशीचं दूध आणि दोन चमचे साखर धरून एक कप नव्वदच्या पुढे जातो. वांग्याच्या भाजीत, ठेच्यात, चटणीत मिळून मूठभर शेंगदाण्याचं कूट, तीस ग्रॅम म्हटलं तरी १७०. आणि रविवारची वरण-बट्टी, जिच्यावर तूप हात आखडून कुणी वाढत नाही.

कोणते मार्ग होते

पावडर चालू ठेवावी का, हा ताईंचा पहिला प्रश्न. डब्यावरच्या यादीत मुख्य घटक कॅफिन आणि ग्रीन टीचा अर्क होता. कॅफिनने खर्च काही तास थोडा वाढतो, पण सवय झाली की तोही परिणाम ओसरतो आणि झोप बिघडते ती वेगळीच. पावडर बंद केली.

दुसरा मार्ग कडक डाएटचा. तो त्यांनी आधी केला होता, एका वेळेला फक्त फळं आणि ताक. चार किलो उतरले आणि चार महिन्यांत परत आले. झपाट्याने उतरवलेल्या वजनात स्नायूही जातात आणि शरीर हिशेबापेक्षाही थोडं जास्त काटकसरीने चालू लागतं. ‘मंद मेटाबॉलिझम’ म्हणतात त्याचा हा एक खरा प्रकार आहे, आणि तो उपाशी राहून ओढवून घेतलेला असतो.

तिसरा मार्ग जिमचा: स्नायू वाढवा, मग झोपेतही चरबी जळेल. यात तथ्य थोडं. एक किलो स्नायू स्वस्थ असताना दिवसाला साधारण १३ कॅलरी जाळतो, एक किलो चरबी साडेचार. मेहनतीने दोन किलो स्नायू कमावले तरी पाव कप चहाएवढा फरक. ताकदीचा व्यायाम तरीही हवाच होता. वजन उतरताना स्नायू टिकावेत आणि साखर नीट वापरली जावी, यासाठी.

उरला चौथा मार्ग: तेल आणि चहा मोजून कमी करायचे, आणि गेलेली हालचाल थोडी तरी परत आणायची. तो निवडला.

प्रत्यक्षात काय केलं

तेल ताईंच्या हातात नव्हतं, सासूबाईंच्या हातात होतं. पहिल्या आठवड्यात सासूबाईंनी साफ सांगितलं, “बिगर तेलनी भाजी कोण खास?” मी त्यांना बोलावून घेतलं. आजींना कॅलरी सांगण्याऐवजी नातवाच्या आणि मुलाच्या ताटातही तेच चाळीस ग्रॅम जातं हे सांगितलं, आणि एवढंच मागितलं की सोमवारी आठवड्याचं तेल एका बरणीत काढायचं. ती बरणी संपली की आठवडा संपला. बरणीतल्या तेलात काय शिजवायचं ते त्यांनीच ठरवायचं. आजींनी हे मनावर घेतलं. डाळ-भाजीची रोजची फोडणी आवरती घेऊन शेवभाजीसाठी तेल राखून ठेवू लागल्या. महिन्याभरात २०० ग्रॅमचे १३० झाले, म्हणजे माणशी सव्वाशे कॅलरी कमी. भरीत मात्र बदललं नाही. भाजलेल्या वांग्यावर चढतं ते तेल बरणीतूनच यायचं, त्यामुळे भांडण उरलं नाही.

चहा दोनच कप आणि साखर निम्मी. ऑफिसमध्ये आलेला कप समोर ठेवून द्यायचा. सकाळच्या नाश्त्यात मुगाचं धिरडं किंवा मटकीची उसळ, म्हणजे प्रथिनं वाढली आणि अकराची भूक लांबली.

चालणं रोज तीन किलोमीटर. सपाटीवर ७५ किलोच्या माणसाला एवढ्यासाठी बसून राहण्यापेक्षा सव्वाशेच्या जवळपास जास्त कॅलरी लागतात. आठवड्यातून दोनदा घरीच उठबशा, भिंतीला टेकून दंड आणि पाण्याने भरलेला कॅन उचलणं. जळगावचा एप्रिल-मे म्हणजे त्रेचाळीस-चव्वेचाळीस डिग्री, तेव्हा पहाटे साडेपाचला नाहीतर रात्री गच्चीवर.

दुसऱ्या महिन्यात काय अडलं

पहिल्या महिन्यात दोन किलो उतरले, त्यात पाणीही होतं. दुसऱ्या महिन्यात शून्य. ताई हताश होऊन आल्या आणि पुन्हा तेच वाक्य: स्लो आहे.

इथे दोन गोष्टी करता आल्या असत्या. खाणं आणखी कापायचं, किंवा आधी बघायचं की खर्च खरंच वाढलाय का. मी दुसरी निवडली. त्या फोन कमरेच्या खिशात ठेवून पावलं मोजू लागल्या. सकाळच्या चालण्याची चार हजार पावलं नीट पडत होती, पण उरलेल्या दिवसात जेमतेम दीड हजार. चालून आल्याच्या समाधानात दुपारचा आराम वाढला होता आणि संध्याकाळची भाजी आणायला मुलगा जाऊ लागला होता. व्यायामाने मिळालेलं उरलेल्या दिवसात परत जाण्याचा हा प्रकार अगदी नेहमीचा आहे.

व्यायाम वाढवला नाही. दिवसाची एकूण पावलं आठ हजार ठरवली, कशीही. भाजी स्वतः आणायची, लिफ्ट नाही, ठेवीदारांच्या फायली शिपायाकडून न मागवता उठून आणायच्या. वजन तीन आठवड्यांत पुन्हा हललं.

निष्पत्ती

अकरा महिन्यांत ७५ चे ६८.५ झाले, कंबर ९२ ची ८५, एचबीए१सी ५.६. टीएसएच गोळीशिवाय ४.२. कानबाईच्या रोटांत, दिवाळीत आणि लग्नसराईत वजन थांबलं किंवा किलोभर वर गेलं, पुढच्या महिन्यात ते उतरलं.

शेवटच्या दोन महिन्यांत उतरण्याचा वेग जवळपास संपला आणि ताईंनी चौथ्यांदा विचारलं, आता तरी मेटाबॉलिझम स्लो झालंय का? या वेळी उत्तर ‘हो, थोडं’ असं होतं. साडेसहा किलो हलकं शरीर स्वस्थ असताना साठ-सत्तर कॅलरी कमी वापरतं, चालतानाही कमी ओझं वाहतं, आणि वर शरीराची काटकसर असतेच. सगळं मिळून दिवसाला शंभर ते दीडशे. पुढचे किलो हवे असतील तर तेवढं आणखी कुठून तरी काढावं लागणार होतं. त्यांनी ठरवलं की सहा महिने इथेच थांबायचं, बरणी आणि पावलं सांभाळायची. साखर उतरली होती, गुडघा दुखायचा थांबला होता. मला हा निर्णय योग्य वाटला.

काय वेगळं करता आलं असतं

तेलाचा कॅन पहिल्याच भेटीत वजनकाट्यावर जायला हवा होता. आठवड्याच्या डायरीने ताईंना आपण खोट्या पडलो असं वाटलं आणि त्यातून सावरायला दोन भेटी गेल्या. कॅनच्या वजनात कुणाचा दोष निघत नाही. सासूबाईंनाही सुरुवातीपासून सोबत घेतलं असतं तर पहिला आठवडा वाया गेला नसता.

पावलं पहिल्या दिवसापासून मोजली असती तर दुसऱ्या महिन्यातली अडचण आठवड्यात दिसली असती. ताकदीचा व्यायाम पहिले तीन महिने अनियमित झाला. स्नायू किती टिकले हे आता खात्रीने सांगता येत नाही, कारण त्यासाठी भरवशाचं मोजमाप सुरुवातीला केलं नव्हतं. निदान खुर्चीवरून हात न लावता तीस सेकंदांत किती वेळा उठता येतं, एवढं तरी नोंदवून ठेवायला हवं होतं. त्याला मशीन लागत नाही.

आणि हे सगळं पाच वर्षं आधी, घर हलवतानाच करता आलं असतं. शेत सोडून शहरात येणाऱ्या घराने पहिल्या महिन्यातच तेलाचा कॅन मोजावा आणि भाजीला चालत जायची सवय मोडू देऊ नये. ताईंची धाकटी जाऊ पुढच्या जूनमध्ये मुलीच्या शिक्षणासाठी जळगावला येते आहे. तिचं वजन, कंबर आणि पावलं आम्ही गावातच लिहून घेतली आहेत.